पत्र कोणाला धाडायचं, हे वहीनेच सांगितलं

हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. तारकर्लीला माझी काकी पाहुण्यांना खोल्या देते. परतताना ते तिच्याकडून मालवणी मसाला, कोकमाची सोलं, आगळ, काजूगर घेऊन जातात आणि मग घरून फोन करून पुन्हा मागवतात. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या जातात त्या वेगळ्या. तारीख, नाव, पत्ता, मोबाइल, रक्कम असं सगळं काकीच्या वह्यांत आहे. दर दिवाळीआधी ती यादीतल्या सगळ्यांना छापील दरपत्रक टपालाने पाठवते. सहाशे नावं, सहाशे पाकिटं.

त्या वह्या मी एक्सेलमध्ये उतरवल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तीनच गोष्टी काढल्या: शेवटची खरेदी कधी, आजवर किती वेळा, आणि किती रुपयांची. बस्स, एवढंच! टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन कंपन्या ही पद्धत कित्येक दशकं वापरत आल्या आहेत. यान रूलफ बुल्ट आणि टॉम वान्सबेक यांनी १९९५ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात टपाल कोणाला पाठवावं याच प्रश्नावर लेख लिहिला होता. पण त्यासाठी कंपनी लागत नाही, काकीची वहीही पुरते, हे पाहून मी थक्क झाले.

ए रकान्यात मोबाइल, बी मध्ये तारीख, सी मध्ये रक्कम आणि एफ मध्ये प्रत्येक नंबर एकदाच. मग ही तीन सूत्रं:

```
=MAXIFS(B:B,A:A,F2)
=COUNTIF(A:A,F2)
=SUMIF(A:A,F2,C:C)
```

पहिल्याने शेवटची तारीख येते, दुसऱ्याने खेपा, तिसऱ्याने एकूण रक्कम. त्याआधी नंबर मात्र एकसारखे करून घ्यावे लागतात. दादरच्या एका काकूंचा नंबर कधी मागेपुढे काही न लावता आणि कधी +९१ लावून लिहिलेला होता. एक्सेलच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका, खेपा दोघींत वाटल्या गेलेल्या. एकत्र केल्यावर त्या यादीतल्या सगळ्यात नेमाने येणाऱ्या गिऱ्हाईक निघाल्या.

आता खरी मजा. गेल्या दिवाळीचं दरपत्रक सगळ्यांना गेलं होतं आणि त्यावर कोणी काय मागवलं हेही वहीत होतंच. म्हणून मी पत्रं टाकली त्या दिवसापर्यंतच्याच नोंदी धरल्या. नंतरच्या धरल्या असत्या, तर ज्यांनी पत्र वाचून माल घेतला तेच ‘अलीकडचे’ ठरले असते आणि पद्धत फुकटची खरी ठरली असती. मग शेवटच्या खरेदीच्या तारखेप्रमाणे यादी लावली आणि एकशे वीस-एकशे वीस नावांचे पाच गट पाडले. सगळ्यात अलीकडच्या गटातून १८ ऑर्डरी आल्या होत्या. दुसऱ्यातून ९, तिसऱ्यातून ५, चौथ्यातून ३ आणि शेवटच्या गटातून एक! मी कोणालाही निवडलं नव्हतं, नुसत्या तारखा उतरत्या क्रमाने लावल्या होत्या, आणि ऑर्डरी पायऱ्या उतरल्यासारख्या उतरत गेल्या.

छपाई, पाकीट आणि पाच रुपयांचं तिकीट धरून एका पत्राला १२ रुपये पडतात. एका ऑर्डरीमागे माल आणि पार्सल वजा जाता सुमारे ३०० रुपये सुटतात. बाराला तीनशेने भागलं की चार टक्के. म्हणजे ज्या गटात शंभरात चारजणही मागवत नाहीत, तिथे पत्र पाठवणं हा तोटा. पहिला गट १५ टक्क्यांवर, दुसरा साडेसातवर. शेवटचे दोन गट मात्र चारच्या बरेच खाली. सहाशे पत्रांना ७,२०० खर्च, ३६ ऑर्डरींचे १०,८०० सुटले, हातात ३,६००. तेच शेवटचे दोन गट गाळले असते तर खर्च ४,३२०, सुटले असते ९,६००, आणि हातात ५,२८०! चार ऑर्डरी कमी, दोनशे चाळीस पाकिटं चिकटवण्याचं काम कमी, आणि पैसे जास्त. हा हिशेब मी काकीसमोर पुन्हा पुन्हा केला.

तिसऱ्या गटावर मात्र अडायला झालं. एकशे वीसात पाच म्हणजे चारच्या किंचित वर. एवढ्याशा गटात पुढच्या वेळी तीनही येतील, आठही येतील. तो गट चांगला की वाईट हे एका दिवाळीवरून ठरत नाही, म्हणून त्याला आणखी एकदा पत्र जाईल. याच कारणाने तिन्ही बाबींचे पाच-पाच गुण देऊन एकशे पंचवीस कप्पे पाडायची पुस्तकी रीत मी सोडून दिली. सहाशे नावांत एका कप्प्याला सरासरी पाचेक माणसं येतात आणि त्यांतल्या एकाने मागवलं की तो कप्पा वीस टक्के दाखवतो.

खेपांचे गुण देताना आणखी एक गंमत दिसली. यादीतले निम्म्याहून जास्त लोक एकदाच घेतलेले. यादीचे समान पाच भाग पाडले की एकदाच घेतलेल्या कोणाला एक गुण मिळतो, कोणाला दोन, कोणाला तीन, आणि फरक कशाचा, तर यादीत नाव वर आलं की खाली याचा! म्हणून सीमा हाताने आखल्या: एकदा, दोनदा, तीन-चारदा, पाच किंवा जास्त. रकमेतही एकूण बेरजेऐवजी दर ऑर्डरीची सरासरी घेतली, कारण बेरीज खेपांबरोबर आपोआप वाढते आणि तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. तरीही एकदाच लग्नासाठी काजूगर नेलेलं एक गिऱ्हाईक रकमेत अगदी वर बसलं होतं. त्याची तारीख फार जुनी, खेप एकच. रकमेला भुलून त्याला यादीत ठेवलं नाही.

पण ही पद्धत आंधळेपणाने वापरली तर आपल्या किनाऱ्यावर फसेल. मार्चमध्ये आंब्याची यादी काढली, तर दर मे महिन्यात न चुकता पेटी घेणारा माणूस दहा महिने गायब दिसतो आणि थेट गाळणीत जातो. आंब्याला दिवस मोजायचे नाहीत, सीझन मोजायचे. गेल्या सीझनला घेतला का, त्याआधीच्याला घेतला का, एवढंच विचारायचं.

आणि मग काकीने वरच्या गटातल्या नावांवर बोट ठेवलं. “ह्यांका पत्र कित्याक? ते आपणच फोन करतत!” केवढा मोठा प्रश्न आहे हा! पहिल्या गटातले १५ टक्के पत्रामुळे आले की ते येणारच होते, हे नुसत्या गुणांवरून कळतच नाही. म्हणून या दिवाळीला त्या गटातलं दर पाचवं नाव आम्ही बाजूला ठेवणार. त्यांना पत्र जाणार नाही, पण त्यांच्या ऑर्डरी तेवढ्याच काळजीने लिहिल्या जातील. पत्र गेलेल्यांचे टक्के आणि न गेलेल्यांचे टक्के यांतलं अंतर म्हणजे पत्राची खरी कमाई. बाजूला ठेवलेली नावं चोवीसच, त्यामुळे दोन-तीन दिवाळ्यांचे आकडे एकत्र केल्याशिवाय त्यावर बोलता येणार नाही, तरी मी आतापासून वाट बघतेय.

मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याकडे ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात, त्यांना माझी एवढीच विनंती: जाताना पाहुण्याने दोन पाकिटं मसाला जरी घेतला, तरी त्याचा दहा आकडी मोबाइल नंबर आणि तारीख वहीत लिहा. नाव चुकलं तरी चालेल, तारीख चुकवू नका.