गुलालाखालचा चेहरा

गोराई जेट्टीवरच्या गणपती विसर्जनाचा अल्बम. घरची आरती ट्यूबलाइटखाली, मिरवणूक उन्हात, मग निळ्या ताडपत्रीचा मांडव आणि शेवटी खाडीकाठचे दिवे. काका तेच, पण चार ठिकाणी चार रंगांचे दिसतात.

आधी एक फोटो खुणेचा ठरवायचा. उन्हाच्या तिरिपेबाहेरचा, मोकळ्या आभाळाखालचा, काकांच्या गालावर गुलाल नसलेला. लाइटरूममध्ये गालावर कर्सर नेला की आकडे दिसतात: लाल ६२, हिरवा ४७, निळा ३७ टक्के. सावळा असो वा गोरा, साध्या उजेडात त्वचेत लाल सर्वांत वर, निळा सर्वांत खाली. हा क्रम बिघडला की उजेडाने घोटाळा केला असं समजावं. Reference View मध्ये हा फोटो डावीकडे लावून बाकीचे त्याच्याशी ताडतो.

ताडपत्रीखाली गालाचे आकडे ४८, ४५, ४६. चेहरा राखेसारखा. Temp वाढवला की गाल जमतो, पण मांडवाबाहेरचा रस्ता पिवळा पडतो. ताडपत्रीचा निळा उजेड वरून येतो, कपाळावर आणि नाकावरच जास्त बसतो. म्हणून संपूर्ण फोटोला हात न लावता तेवढ्याच भागावर मास्क काढून उबदारपणा द्यायचा.

पांढऱ्या सदऱ्यावर आयड्रॉपर टेकवून व्हाइट बॅलन्स घेण्याचा मोह टाळावा. नीळ आणि साबणातले उजळ करणारे पदार्थ कापडाला निळसर करतात. त्याला पांढरं मानलं की माणसं पिवळी होतात. त्यात मिरवणुकीतल्या सदऱ्यावर गुलाल असतोच.

गुलालाचं वेगळंच. तो हनुवटीवर लाल उजेड परतवतो, म्हणून रंग कानामागे, मानेवर किंवा हातावर तपासावा. त्वचा जास्त लाल वाटली म्हणून लाल रंगाची तीव्रता कमी केली, तर कुंकू आणि गुलाल मातकट होतात. त्वचा मुख्यतः नारिंगीत असते. तिथेच थोडं सरकवावं.

आजी सावळ्या, सूनबाई गोऱ्या. दुपारच्या फोटोत दोघींच्या वर्णात जेवढा फरक, तेवढाच रात्रीच्या फोटोत राहायला हवा. आजींना उजळ करून अल्बम ‘एकसारखा’ करणं मला मान्य नाही. अल्बमभर आजी आजीच दिसल्या पाहिजेत.

जुन्या सोडियम दिव्याखाली गाल ७०, ४६, ८ असा येतो. लाइटरूममध्ये Temp २०००च्या खाली जात नाही, आणि जो निळा उजेड दिव्यात जवळपास नव्हताच तो स्लायडर कुठून आणणार? असे फोटो थोडे पिवळेच ठेवतो. जांभळ्या एलईडीत न्हालेले मात्र कृष्णधवल करतो.

खाडीपलीकडे पगोड्याच्या बाजूला सूर्य उतरत असतानाचा उजेड पूर्ण धुऊन काढत नाही. संध्याकाळ दुपारसारखी दिसली तर क्रमच हरवतो. शेवटी सगळे फोटो वेळेनुसार लावून लहान चौकटींत बघतो. शेजाऱ्यांपेक्षा वेगळा उसळणारा फोटो लगेच कळतो. तेवढाच पुन्हा उघडायचा.