ऐंशी अंशांवरची परीक्षानळी

१९९८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघांनी लाळेतील अमायलेज या विकरावर प्रयोग केला, आणि त्याचा अहवाल लिहिताना जे अडखळलो ते अजून विसरलेलो नाही.

प्रयोग तसा साधा. अमायलेज पिष्टाचे तुकडे करते. पिष्ट असेपर्यंत आयोडीन निळे होते. पिष्ट संपले की त्याचा मूळ पिवळसर तपकिरी रंग तसाच राहतो. प्रत्येक नळीत एक टक्क्याचे पिष्टद्रावण ५ मिली आणि दहापट पातळ केलेली लाळ १ मिली. दोन्ही आधी पाच मिनिटे ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात वेगवेगळी ठेवायची, मग एकत्र करायची आणि दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडायचा. तापमान आम्ही बदलणार होतो, म्हणून ते स्वतंत्र चल; निळा रंग येईनासा होईपर्यंतचा वेळ हे अवलंबी चल; प्रमाणे आणि ६.८ सामू मात्र सर्व नळ्यांत सारखे.

वेळ आला तो असा: २० अंशांवर ९ मिनिटे, ३० वर ५, ३७ वर ३, ५० वर साडेतीन. ६० अंशांवर पंधरा मिनिटांनंतरही रंग निळा-जांभळाच राहिला. आणि ८० अंशांवर पहिल्याच क्षणी निळेपणाचा मागमूस नाही! वेळ जितका कमी तितका वेग जास्त, म्हणून आलेखावर वेळेचा व्यस्तांक मांडायचा असतो. आमची रेषा ३७ पर्यंत चढली, ६० पाशी जमिनीला टेकली आणि ८० वर थेट कागदाबाहेर निघाली.

वरच्या वर्गातल्या एका जर्नलमध्ये घंटेच्या आकाराची सुबक वक्ररेषा आयती होती. तीच उतरवावी, असा विचार आमच्या मनात आला हे कबूल केले पाहिजे. अहवाल इंग्रजीत द्यायचा असे, पण कच्चा मसुदा आम्ही मराठीत करीत असू. त्यात ‘प्रत्येक वेळी मिश्रणाचा थेंब टाइलवर घेण्यात आला’ असे वाक्य होते. वैज्ञानिक प्रयोगाला व्याकरणातला कर्मणी प्रयोग फार आवडतो. करणारा वाक्यातून निघून जातो. पण हा थेंब घेतला कोणी, असे एकमेकांना विचारताच उलगडा झाला. शेवटच्या नळीच्या वेळी टाइलचे सगळे खळगे भरले होते, तास संपत आला होता, आणि घाईत आम्ही आयोडीनचे दोन थेंब सरळ गरम नळीतच टाकले होते. ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द खोटे होते.

पिष्ट आणि आयोडीन यांची निळी जोडी उष्णतेने सुटते. पिष्टाच्या गुंडाळीत शिरलेले आयोडीन बाहेर पडते आणि द्रावण फिके होते; विकराचा त्यात काहीही संबंध नसतो. हे खरे की नाही ते कळण्याचा एकच मार्ग होता: लाळेऐवजी पाणी घातलेली नळीही ८० अंशांवर ठेवून पाहणे. ही तुलनेची नळी आम्ही मुळात ठेवलीच नव्हती.

त्रुटींच्या रकान्यात ‘मानवी चूक’ एवढे लिहून सुटता येते. पण त्या दोन शब्दांतून वाचणाऱ्याला आकडा कोणत्या बाजूला सरकला हे समजत नाही. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये खोलीतच ३८ अंश होते. २० अंशांचे पात्र समोरच्या रसवंतीतल्या बर्फाने थंड केले होते, तरी नऊ मिनिटांत ते २४ वर गेले. म्हणजे तिथला वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसला. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. अर्ध्या मिनिटाने पाहायचे, तर ‘३ मिनिटे’ याचा अर्थ अडीच ते तीन यांच्या मधले कधीतरी. नऊ मिनिटांत अर्धे मिनिट किरकोळ. तिनात तो सहावा हिस्सा. आलेखाचे शिखर जिथे, तिथेच आमचे माप सर्वांत ढिले. ३७ आणि ५० यांतले उजवे कोणते, हे एकेकदाच घेतलेल्या नोंदींवरून सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. पुस्तकातले ३७ आमच्या नळ्यांनी सिद्ध केले नव्हते.

शेवटी निष्कर्षात लिहिले: वेग ३० पेक्षा ३७ आणि ५० अंशांवर जास्त आढळला, कमाल वेगाचे तापमान याच टापूत असावे, ६० वर पंधरा मिनिटांत विघटन पूर्ण झाले नाही, ८० ची नोंद पद्धत बदलल्यामुळे आलेखातून वगळली आहे. वगळलेला आकडा तक्त्यात मात्र कारणासह ठेवला.

तपासणाऱ्या सरांनी तांबड्या शाईने एवढेच विचारले, ‘पाण्याची नळी कुठे आहे?’

दुसऱ्या दिवशी ती केली. लाळ नसलेले पिष्ट, ८० अंश, आयोडीनचे दोन थेंब: रंग जवळजवळ नाहीच. टाकीतले पाणी तापलेले, नळाखाली धरून उपयोग नव्हता, म्हणून व्हरांड्यातल्या माठाचे पाणी चंचुपात्रात घेऊन नळी त्यात उभी केली. काचेला लागून असलेली कड आधी निळी झाली, मग सगळी नळी.