निकाल बरोबर, कारण चूक

राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीआधी मी आमच्या कबड्डी संघाच्या बैठकीत सांगितलं, की उद्या आपण जिंकू शकतो. माझ्या मॉडेलने आम्हाला ५८ टक्के संधी दिली होती. समोर गतविजेते होते. दोन्ही प्रशिक्षकांनी मान हलवली. त्यातले मोठे सर एवढंच म्हणाले, "पकडी मोजल्यास, चांगलं केलंस. पण कुठल्या चढाईतल्या, ते बघितलंस का?"

मला तो प्रश्न जुन्या माणसाची शंका वाटला.

मॉडेलचा सगळा भार आमच्या डाव्या कोपरारक्षकावर होता. त्याच्यावर आलेल्या ४० चढायांपैकी २२ त्याने पकडल्या होत्या, म्हणजे ५५ टक्के. प्रतिस्पर्ध्यांचा मुख्य चढाईपटू नेमका त्याच बाजूने घुसायचा. तो वारंवार पकडला जाईल आणि बराच वेळ बाहेर बसेल, असं माझं गणित होतं.

सामना आम्ही जिंकलो. सगळे माझी पाठ थोपटत होते आणि मी ती थोपटून घेतली. पण त्या रात्री चित्रीकरण पाहताना दिसलं, की त्या चढाईपटूने आमच्या कोपऱ्याला जवळजवळ दर वेळी चकवलं होतं. जिंकवलं होतं आमच्या चढाईपटूने. समोर सहा-सात बचावपटू असताना तो शांतपणे बोनस रेषा ओलांडून गुण आणत राहिला. माझ्या मॉडेलमध्ये बोनसचा हिशेबच नव्हता.

मग सरांचा प्रश्न घेऊन बसलो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. त्यामुळे तो नाइलाजाने खोल घुसतो आणि पकडणं सोपं जातं. आमच्या कोपऱ्यावरच्या ४० पैकी २० चढाया अशा तिसऱ्या होत्या. त्यांत १६ पकडी होत्या. उरलेल्या २० मध्ये फक्त ६, म्हणजे ३० टक्के. गतविजेते तिसरी वेळ क्वचितच येऊ देत, पहिल्या-दुसऱ्या चढाईतच गुण काढत. त्यांच्यासाठी खरा आकडा ५५ नव्हे, ३० च्या आसपास होता. तो घालून मॉडेल पुन्हा चालवलं, तेव्हा आमची संधी ३४ टक्क्यांवर आली.

३४ टक्केवाला संघही जिंकतोच, दर तीन सामन्यांत साधारण एकदा. त्यामुळे एका विजयाने ना ५८ सिद्ध होतात, ना ३४. ते पडताळायला बरेच सामने लागतात.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सगळं दाखवलं आणि माफी मागितली. अंतिम सामन्याच्या कागदावर भाकिताखाली मी कारणही लिहिलं: कोण, कुठल्या चढाईत, कुणाला पकडेल. सामन्यानंतर निकालाच्या आधी त्या ओळी तपासायच्या, असं ठरवलं. सरांनी त्यातली एक ओळ खोडून स्वतःची लिहिली, आणि या वेळी मी आधी विचारलं, "का?"