अठ्ठावीस मिनिटे

माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापून, वाटून झाली होती. गोरज मुहूर्त, सायंकाळी ६ वाजून ३७ मिनिटे. त्यापूर्वी चौविहाराचे भोजन ५ ते ६.३०. लग्न नागपूरला, दादांच्या घरी, वरपक्ष मुंबईचा. लग्नाला नऊ दिवस उरले असताना नागपूरच्या पंडितजींनी पत्रिका हातात घेतली आणि विचारले, “हा मुहूर्त कुठल्या गावचा?”

प्रश्न साधा होता, परंतु तो आधी कोणीच विचारला नव्हता. मुहूर्त मुंबईत काढला गेला, तोही मुंबईच्या सूर्यास्तावर आधारलेल्या पंचांगावरून. लग्न कुठे लागणार, हे सांगायचे राहून गेले. गोरज मुहूर्त सूर्यास्ताला बांधलेला असतो आणि सूर्यास्त गावागणिक बदलतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सव्वासहा अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर पंचवीस मिनिटांचे अंतर पडते. याला ज्योतिषात देशांतर म्हणतात. शिवाय नागपूर मुंबईहून उत्तरेला असल्याने हिवाळ्यात तिथला दिवस थोडा लहान असतो. त्याची आणखी दोन-तीन मिनिटे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला ६.३७ ला मावळणारा सूर्य नागपूरला ६.०९ लाच मावळतो. म्हणजे छापलेल्या वेळी मुहूर्त तर टळलेला असताच, पण पंगतही सूर्यास्तानंतर वीस मिनिटे चालू राहिली असती. घरातील वृद्धांना ही दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक लागली.

मुहूर्त अठ्ठावीस मिनिटे अलीकडे घ्यायचा ठरला. मी बँकेत चौतीस वर्षे काढलेला माणूस. म्हणून पाहुण्यांना कळविण्याचे काम दादांनी माझ्यावर सोपविले. वेळ पुढे ढकलली गेली तर पाहुणा फार तर ताटकळतो. वेळ अलीकडे आली तर त्याचे लग्नच चुकते. त्यामुळे ‘बहुतेकांना कळले’ एवढे इथे पुरेसे नव्हते.

पहिली चूक मजकुरात झाली. घाईघाईने आम्ही लिहिले, ‘काही अपरिहार्य कारणास्तव मुहूर्तात बदल झाला आहे.’ तासाभरात वहिनींचा फोन वाजू लागला. कोणी विचारी, “घरात काही सुतक तर नाही ना?” कोणी दबक्या आवाजात विचारी, “सोयरीक ठीक आहे ना?” लग्नघरातून ‘बदल’ हा शब्द बाहेर पडला की लोक वेळेचा विचार करीत नाहीत, अशुभाचा करतात. म्हणून दुसरा मजकूर उलट्या क्रमाने लिहिला. काय बदललेले नाही, ते आधी:

‘जय जिनेंद्र. चि. सौ. कां. हिचा विवाह ठरल्याच दिवशी, ठरल्याच कार्यालयात आहे. पत्रिकेतील मुहूर्त मुंबईच्या सूर्यास्ताप्रमाणे छापला गेला. नागपूरचा सूर्यास्त लवकर असल्याने मुहूर्त ६.३७ ऐवजी ६.०९ धरला आहे. भोजन ४.१५ ते ५.५०. कृपया सायंकाळी ५.३० पर्यंत कार्यालयात यावे. पत्रिकेवरील जुनी वेळ खोडावी, ही विनंती.’

भोजन सव्वाचारला सुरू करण्याचे कारण असे, की आमच्या आत्याबाई आणि त्यांच्यासारखे काही जण सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच, म्हणजे ४८ मिनिटे अगोदर, अन्नपाणी थांबवितात. त्यांना ५.२० पर्यंत ताटावरून उठता यावे. मजकूर बाहेर जाण्यापूर्वी पंडितजींकडून नवी वेळ कागदावर लिहून घेतली आणि आचारी, कार्यालयाचे व्यवस्थापक, वाजंत्री व वरपक्ष यांना तोच कागद दाखविला. यांपैकी एकानेही जुनी वेळ सांगितली असती, तर पाहुण्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता.

‘यावे’ची वेळ वेगळी लिहिणेही आवश्यक होते. पत्रिकेतील मुहूर्ताला अर्ध्या तासाची सवलत असते, असे आपण सारेच धरून चालतो. केवळ ६.०९ लिहिले असते, तर निम्मे लोक साडेसहाला आले असते.

मग यादी. एकूण २१४ घरे, त्यांपैकी ६१ परगावची. त्यांची तिकिटे काढून झालेली होती, म्हणून त्यांना मी स्वतः दूरध्वनी केले. इथे एक गोष्ट शिकलो. “कळले, कळले” ही पोच नव्हे. सोलापूरच्या मामांनी तीनदा “बरं” म्हटले आणि शेवटी विचारले, “म्हणजे पावणेसातच ना?” तेव्हापासून मी वेळ सांगून थांबलो नाही, “मग आपण कार्यालयात किती वाजता पोहोचाल?” असे विचारू लागलो. मामांचे उत्तर ऐकले तेव्हा कळले, की त्यांची गाडीच सव्वापाचला स्टेशनात येणार होती. त्यांनी आदल्या रात्रीची बस धरली.

गावातल्यांना व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्टने संदेश पाठविला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर ३८ जणांपुढे एकच खूण होती, दोन नव्हत्या. ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे, त्यालाच पोहोचतो. दादांचा क्रमांक जतन होता. मी पाठविला माझ्या फोनवरून. त्या ३८ घरांना दादांच्या मुलाने एकेक फोन केला. ज्यांच्या दोन खुणा होत्या, त्यांनाही ‘वेळ लिहून उत्तर द्यावे’ असे कळविले आणि उत्तर येईल तसे यादीतील नाव खोडीत गेलो. लग्नाच्या आदल्या रात्री एकही नाव उरले नव्हते. हिशेब जुळला, या समाधानात मी झोपलो.

लग्न वेळेवर लागले. ६.०९ ला अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. आत्याबाई पाचलाच जेवून पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

साडेसहाच्या सुमारास दारात एक वृद्ध जोडपे दिसले. माझ्या नागपूरच्या शाखेतील जुने शिपाई आणि त्यांची पत्नी. हातात पत्रिका. “साहेब, आम्ही तर सात मिनिटं आधीच आलो,” ते म्हणाले आणि रिकाम्या होत चाललेल्या व्यासपीठाकडे पाहत राहिले. त्यांची पत्रिका मीच रस्त्यात भेट झाली तेव्हा हातात दिली होती. त्यांचा फोन क्रमांक मी घेतला नव्हता, म्हणून ते यादीत आलेच नाहीत. मी यादीशी यादी जुळवीत राहिलो. छापलेल्या पत्रिकांशी यादी जुळविलीच नाही. अडीचशे छापल्या, बावीस घरी शिल्लक होत्या. म्हणजे २२८ बाहेर गेल्या होत्या आणि मी २१४ घरांना कळवून निश्चिंत झालो होतो. ही वजाबाकी एका मिनिटाची होती.

चूल केव्हाच विझली होती. सूर्यास्तानंतर त्या मांडवात कोणाला वाढता येत नव्हते. मुलीने आणि जावयाने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी मुठीतल्या अक्षता तिथेच दोघांच्या डोक्यावर टाकल्या आणि ते उपाशीच परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली. त्यांनी चहा पुढे केला आणि विषय बदलला. निघताना मी त्यांचा फोन क्रमांक लिहून घेतला. उरलेल्या तेरा पत्रिका कोणाकोणाच्या हाती गेल्या, ते आठवण्याचा प्रयत्न मी अजून करतो.