पावतीवरचे नाव, आरतीतले नाव

श्रावण लागला की नव्या गणेश मंडळाची मुले नाव विचारायला माझ्याकडे येतात. जन्मभर नामच घेतले, तेव्हा बुवांना नाव सुचेल असा त्यांचा भाव. यंदा कुंभार आळीच्या मुलांनी कागदच लिहून आणला: ‘श्रीमंत नवयुवक मित्र मंडळ ट्रस्ट, नवसाला पावणारा आळीचा महाराजा’.

मी म्हटले, बाळांनो, यात मंडळाचे नाव कोणते आणि देवाचे कोणते? वर्गणी मंडळ घेते, हात देवाला जोडले जातात. पुण्यात पाहा. मंडळ ‘अखिल मंडई मंडळ’ आणि मूर्ती ‘शारदा गजानन’. दोन्ही नावे लोकांच्या तोंडी आहेत, कुठे घोटाळा नाही.

आधी पावतीचे पाहू. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची ‘४१ क’ खालची परवानगी काढावी लागते. त्या कागदावर जे नाव, तेच अक्षरन् अक्षर पावतीपुस्तकावर आणि बँकेच्या खात्यावर हवे. शेजारच्या आळीत किराणा दुकानदाराने फलकावरचे लाडके नाव वाचून धनादेश लिहिला. खाते दुसऱ्याच नावाचे, म्हणून तो परत आला. दुकानदार भला माणूस, पण मनात शंका राहिलीच. ‘ट्रस्ट’ हा शब्दही नोंदणी नसताना लावू नये. देणाऱ्याला ती खोटी खूण ठरते. आणि नुसते ‘नवयुवक मित्र मंडळ’ गावात आणखी दोन निघाले, म्हणून आळीचे नाव नावातच असावे, खाली बारीक अक्षरांत पत्त्यात नव्हे.

फलकाचे गणित सोपे आहे. नाव जितके लांब तितके अक्षर लहान. जोडाक्षरांची गर्दी झाली की रस्त्यापलीकडून नुसता काळा ठिपका दिसतो. मुलांना भिंतीवर कोळशाने लिहायला लावले आणि पलीकडच्या ओट्यावरून वाचायला सांगितले. ‘महाराजा’पर्यंत कोणी पोहोचलेच नाही.

राहिला ‘नवसाला पावणारा’. वाचकहो, हे नाव नव्हे, ही देवाच्या वतीने आपण दिलेली हमी. ज्याचा नवस फिटला नाही त्या माउलीने फलकाखालून कसे जावे? ज्ञानोबारायांनी ग्रंथारंभी गणेशाला वंदन केले ते सगळे शास्त्रच त्याचे रूप मानून. तिथे मागणीची भाषा नाही. मुले थोडी हिरमुसली, पण तो शब्द गेला.

शेवटी ठरले ते असे: मंडळ ‘कुंभार आळी गणेशोत्सव मंडळ’ आणि मूर्ती ‘मातीचा गजानन’, कारण ती शाडूची, आळीतच घडणारी. आरतीनंतरच्या जयघोषात ते एका श्वासात म्हणता येते. एकाने विचारले, आळीत आता कुंभारांची दोनच घरे उरली, मग हे नाव कशाला? त्यावर मूर्ती घडवणारी म्हातारी आतूनच म्हणाली, “दोन आहेत ना अजून!”