एका तासाची पाठ-योजना

मागच्या हिवाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा निरोप आला. ती आता देवासजवळच्या एका लहान शाळेत शिकवते. निरोप एका ओळीचा होता : "सर, अपूर्णांकांवर एका तासाची पाठ-योजना पाठवा." आम्हांला आनंद झाला, आणि त्या आनंदात आम्ही काही न विचारता लिहायला बसलो. चूक तिथेच झाली, आणि ती तिच्याइतकीच आमचीही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आमच्या तोंडी अजूनही 'छेद' ऐवजी 'हर' येतो. तर 'तास' म्हणजे आम्ही सरळ घंटा समजलो, साठ मिनिटे. इयत्ता आम्ही मनानेच सहावी धरली, वर्ग तीसेक मुलांचा धरला आणि कपाटात रंगीत कागद, कात्र्या आहेत असेही धरले. योजना सुबक झाली. प्रत्येक मुलाने कागदाच्या पट्टीला घड्या घालून १/३ आणि १/४ करायचे, ते ताडून पाहायचे आणि शेवटी लसावि काढून त्यांची बेरीज ७/१२ आणायची.

आठ दिवसांनी ती स्वतःच भेटायला आली. वर्ग चौथीचा होता. तिचा 'तास' ३५ मिनिटांचा, मुले ४८, आणि रंगीत कागद सगळे मिळून सहा. लसाविपर्यंत ती पोचलीच नाही, आणि ते बरेच झाले, कारण चौथीला ते शिकवायचेच नव्हते. खरी अडचण आधीच आली होती. तिने वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून दिल्या. चौथाई सर्वांना जमली : अर्धी घडी, पुन्हा अर्धी. पण तिसऱ्या भागासाठी बऱ्याच मुलांनी तीन वेळा घडी घातली. तीन घड्या म्हणजे तीन भाग, असा त्यांचा हिशेब. उलगडल्यावर निघाले आठ भाग! साहजिकच त्यांचा 'तिसरा भाग' चौथ्या भागाहून लहान दिसला. चार तीनपेक्षा मोठे, म्हणून १/४ सुद्धा १/३ पेक्षा मोठा, असे मुलांना आधीच वाटत असते. आमच्या योजनेने ते पक्के केले.

प्रत्येकाची घडी तपासायची म्हटले, तर एका मुलाला वीस सेकंद दिले तरी ४८ मुलांना सोळा मिनिटे लागतात. ३५ मिनिटांत ती आणायची कुठून?

या वेळी मात्र आम्ही आधी विचारले. बाक किती? सोळा, एकेका बाकावर तिघे. मुलांपाशी खात्रीने काय असते? रेघी वही आणि पेन्सिल. मग घडी सोडूनच दिली. वहीच्या पानातून ओळींच्या बारा घरांची उभी पट्टी कापायची. चौथ्या आणि आठव्या घराखाली रेघ मारली की तीन समान भाग, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या घराखाली मारली की चार. दर बाकाला तीन पट्ट्या : एक कोरी, एक तिघांत वाटायची, एक चौघांत. एका पानातून सहा पट्ट्या निघतात, म्हणजे सगळ्या वर्गाला आठ पाने पुरली, आणि ती तिने घरीच कापून नेली. तपासायचे सोळा बाक, साडेपाच मिनिटांचे काम. पहिली रेघ चार घरांवर आहे ना, एवढेच बघायचे.

बोलण्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 'पाव' मुलांच्या घरातला शब्द आहे, पाव किलो शेव आणायला तीच जातात. १/३ ला हिंदीत 'तिहाई' आहे, मराठी घरात मात्र तसा रोजचा शब्द नाही, 'एक तृतीयांश' पुस्तकातच भेटतो. म्हणून आम्ही तिला सुचविले की आधी 'तिघांत वाटून एकाचा वाटा' असे म्हणावे, नाव मागाहून सांगावे.

मुलांना समजले की नाही हे पट्टी समोर असताना कळत नाही, ती नुसती घरे मोजतात. तेव्हा पट्ट्या गोळा करून शेवटी विचारायचे : १/५ मोठा की १/६? बारा घरांचे पाच समान भाग पडत नाहीत, त्यामुळे विचार करूनच सांगावे लागते.

तिने तसेच केले. मागच्या तीन-चार बाकांवरून "सहा" असे उत्तर आले, बाकी वर्ग बरोबर होता. आता तिला त्या मुलांसाठी पाच-सहाची पट्टी हवी आहे. त्याला तीस घरे लागतात, आणि आमच्या शाळेच्या वहीच्या एका पानात तेवढ्या ओळी नाहीत, दोन पाने चिकटवावी लागतील. तिच्या नव्या निरोपात इयत्ता आणि मिनिटे दोन्ही आहेत. मुले किती हे पुन्हा राहिले आहे. आम्ही विचारले आहे.