मढ्यांना सलामी

अब्बांच्या आणि अण्णांच्या मैत्रीत एकच भांडण होतं, आणि ते ‘प्यासा’मधल्या एका गाण्यावरून होतं.

अण्णा आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मारुतीच्या देवळाचे गुरव. रोज तिन्हीसांजेला मनाचे श्लोक म्हणायचे. त्याच सुमाराला अब्बा मगरिबची नमाज आटोपून यायचे आणि मग दोघं देवळासमोरच्या पारावर बसायचे. अब्बांचा रेडिओ मध्ये असायचा. ‘प्यासा’ 1957 सालचा, गुरुदत्तचा. गाणी साहिर लुधियानवींची, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. त्यातलं शेवटाकडचं रफींचं गाणं लागलं की अब्बा डोळे मिटून घ्यायचे आणि अण्णा विचारायचे, “हा म्हणतोय काय, ते तरी सांगा.” अब्बा सांगायचे. अण्णा सगळं ऐकून म्हणायचे, “अर्थ कळला हो, पण तुम्ही सांगितलंत त्यात गाणं कुठाय?”

अब्बा गेले. त्यांच्या पहिल्या बरसीला अण्णा आमच्या घरी आले, अम्मीशी दोन शब्द बोलले आणि जाताना मला म्हणाले, “तुझ्या बापानं एक काम अर्धं ठेवलंय. ते गाणं मला मराठीत करून दे. पण त्याच चालीत म्हणता आलं पाहिजे. नुसता अर्थ नको.”

मी मराठी शाळेत शिकलेला, उर्दू अब्बांकडून कानावर पडलेली. वाटलं, आठवडाभराचं काम आहे. पाच महिने लागले.

सुरुवात मात्र फार सोपी झाली. गाण्याची ओळ बोटांवर मोजायला घेतली तर प्रत्येक ओळ तीन-तीन अक्षरांच्या चार तुकड्यांत पडत होती. प्रत्येक तुकड्यात आधी एक आखूड अक्षर, मग दोन लांब. ल-गा-गा, असं चार वेळा. उर्दूत या बहरला मुतकारिब म्हणतात आणि तिचं माप ‘फऊलुन’ या शब्दानं मोजतात. मी पारावर बसून ल-गा-गा असा ठेका धरला आणि अण्णा एकदम हसले. “अरे, हे तर मी रोज म्हणतो!”

खरंच होतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, आणि भुजंगप्रयात म्हणजे ल-गा-गा चार वेळा, ओळीत बारा अक्षरं. पाचवीत असताना मी ते श्लोक वर्गात उभं राहून म्हटले होते आणि संध्याकाळी घरी हे गाणं ऐकलं होतं. दोन्हींचा ठेका एक आहे हे माझ्या कानाला इतकी वर्षं समजलं नाही. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि ‘छंदोरचना’ही लिहिली. त्यांच्यासारख्या माणसाला हे नातं उघड दिसत असणार. मला ते एका गुरवानं दाखवलं.

शिवाय मराठी या ठेक्यात आपोआप बसते. ‘जग’ या शब्दाला विभक्ती लावली की जगाला, जगाचे, जगाने, सगळे ल-गा-गा. मनाला, घराला, मिळाले, निघाले, कशाला, तेही तसेच. मी मोठ्या खुशीत धृपदाची ओळ केली: “मिळाले जरी जग, हवे ते कशाला.”

अण्णांनी बोटं मोजली. “तेरा झाली. बारा पाहिजेत.”

मी म्हटलं, ‘जग’ उर्दूच्या हिशोबानं धरलाय. उर्दूत ‘दिल’, ‘जग’, ‘हम’ हे एकेक ठोका. श्लोकांत मात्र ज आणि ग ही दोन सुटी आखूड अक्षरं. पण मराठी गझलवाले एका लांब अक्षराच्या जागी दोन आखूड चालवून घेतात, आणि गाताना आपण ‘जग्’ असंच म्हणतो. अण्णांनी चालीत म्हणून पाहिलं, अडलं नाही, मान हलवली. मग म्हणाले, “पण हा माणूस रडतोय. रफी रडत नाही.”

अर्थात चूक नव्हती, सुरात होती. प्रसंग आठवा. कवीला सगळे मेलेला समजतात, त्याच्या स्मरणाची सभा भरली आहे, जिवंतपणी ज्यांनी त्याला दारात उभं केलं नाही तेच गोळा झाले आहेत, आणि तो दारात येऊन उभा राहतो. आवाज खालून सुरू होतो आणि चढत जातो. ‘हवे ते कशाला’मध्ये वैताग आहे, रुसलेल्या माणसाचा. साहिरच्या धृपदात जग समोर ठेवलं तरी किंमत न देणं आहे. मग मी केलं, “तरी काय झाले.” तेही मापात, पण ऐकणाऱ्याला वाटतं, काय झालं बुवा? खरोखरचा प्रश्न होतो तो. शेवटी अम्मीच्या तोंडून मिळालं. शेजारणीनं सुनेच्या नव्या दागिन्यांचं कौतुक लावलं होतं, अम्मी म्हणाली, “त्यात काय मोठं!” तेच हवं होतं. “तरी काय मोठे” – ल-गा-गा, ल-गा-गा, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

कडव्यांत खरी अडचण आली. पहिल्या कडव्यात तीन ओळींना एक काफिया आहे आणि त्यामागून ‘की’ला धरून येणारा एक ठरलेला शब्द. ही ‘की’ लिहिताना दीर्घ, पण उर्दू शायर ती गरजेप्रमाणे आखूड मोजतो. ‘ये’, ‘है’, ‘से’ यांचंही तसंच. या लवचिक शब्दांवरच ती ओळ धावते. मराठीची ‘ची’ आकसत नाही. ती शब्दाला चिकटून येते आणि लांबच राहते. जुने कवी ‘चि’ करून वेळ मारून नेत, पण आज ते कानाला जुनाट लागतं. मी चार रात्री ‘समाजांची’ आणि ‘रिवाजांची’ मोजत बसलो. दर वेळी ओळ एका ठोक्यानं लंगडायची.

मग ‘ची’ टाकून दिली आणि काफिया धरला: विराजी, समाजी, रिवाजी. सगळे मापात. अण्णांना ऐकवलं तर ते टाळ्यांचा ठेका धरून डुलायला लागले. मला आनंद झाला आणि घरी येईपर्यंत तो उतरला. अण्णा डुलतात कशावर? कीर्तनावर. हे गाणं ऐकून कुणी डुलता कामा नये. ठेका फुकट मिळाला असं मी समजत होतो, पण तो रिकामा आला नव्हता. मराठी कानात त्या ठेक्यामागे मनाला समजावणारा एक आवाज कायमचा बसलेला आहे. त्यात ‘समाजी’, ‘विराजी’ असे पोथीतले शब्द घातले की साहिर जगाला धुडकावत नाही, उपदेश करायला लागतो. ओळीत चूक शोधून सापडत नाही, यमक जुळलेलं असतं, आणि गाणं मात्र दुसरंच झालेलं असतं. ओळखायची खूण एवढीच, की ऐकणारा फार आरामात ऐकतो.

म्हणून ठरवलं, माप श्लोकाचं आणि बोली बाजाराची. पहिली दुरुस्ती अगदी छोटी. ‘मिळाले’चं ‘मिळालं’, ‘मोठे’चं ‘मोठं’. मात्रा तेवढ्याच, कारण अनुस्वारानं अक्षर लांबच राहतं. पण ओळ पोथीतून उठून रस्त्यावर आली: “मिळालं जरी जग, तरी काय मोठं.” शेवटचं अक्षर रफींसारखं ताणताही येतं. मग पहिल्या कडव्याचे काफिये बदलले: मुजोरी, तिजोरी, अघोरी. तख्तांच्या जागी मुजोरी, दौलतीच्या जागी तिजोरी, रिवाजांना अघोरी. साहिरचे शब्द गेले, पण तीन ओळींत तो ज्यांच्यावर बोट ठेवतो ते तिघे जागेवर राहिले.

पुढच्या एका कडव्यात त्याचा काफिया ‘बस्ती’च्या जातीचा आहे. मराठीत ‘वस्ती’ आहे, पण ‘सस्ती’ला जोड नाही. तिथं मी तराजू उलटा केला. तो म्हणतो मरण स्वस्त, मी म्हटलं जगायला पडतं ते जास्ती. मग धास्ती सापडली, आणि तिसरा शब्द नगरपालिकेच्या पावतीवर: शास्ती. थकलेल्या घरपट्टीवर लावतात ती.

आणि याच कडव्यात मी अडकलो. साहिर तिथं जगाला मुर्दापरस्तांची वस्ती म्हणतो. जिवंतपणी लाथा मारून मेल्यावर पूजणारे. मराठीत हे एका दमात उतरलं: “मढ्यांचे पुजारी.” ल-गा-गा, ल-गा-गा. अर्थ तोच, धार तीच. पाच महिन्यांत इतकं चोख काही जमलं नव्हतं.

पण उर्दूतला ‘परस्त’ हा शब्द कुठल्या एका देवळाकडे बोट दाखवत नाही. मराठीतला ‘पुजारी’ दाखवतो. माझ्या नावाच्या माणसानं ही ओळ म्हणायची, तीही मारुतीच्या पारावर, एका गुरवासमोर? मी रात्रभर बदल शोधले आणि “मढ्यांना सलामी” केलं. तेही मापात.

अण्णांना पूर्ण गाणं ऐकवलं. या वेळी ते डुलले नाहीत. शेवटी विचारलं, “सलामीच्या जागी मूळ काय आहे?”

मी सांगितलं. आधी काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

ते काही वेळ देवळाच्या दाराकडे बघत बसले. “घाबरलास होय? अरे, मी मारुतीचा पुजारी. मढ्याचा नव्हे. तुझ्या बापानं हा शब्द मला कैकदा सांगितला, तो कधी नाही घाबरला.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “पण सलामीच राहू दे. सलामीत ती सभा दिसते. हार घेऊन आलेली माणसं दिसतात. पुजारी म्हटलं की देऊळ दिसतं, आणि त्या गाण्यात देऊळ नाही.”

त्यांचं म्हणणं पटलं. ‘सलामी’ सभेला जास्त धरून आहे, आजही मी तीच म्हणतो. पण तो शब्द मी सभा बघून निवडला नव्हता. भीतीनं निवडला होता, आणि तो योग्य निघाला हे माझं नशीब.

वहीत दोन्ही आहेत. ‘पुजारी’वर एक आडवी रेघ आहे, पण खालचा शब्द वाचता येईल एवढी पातळ.